तूट ४०, सरांचं उत्तर १२०, गाइडचं ८०. व्याजदर मात्र दोघांचा ६. बरोबर कोण?

टीवायची_विद्यार्थिनी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी नाशिकलाच टी.वाय.ला आहे, अर्थशास्त्र स्पेशल. लोनेबल फंड्सच्या, म्हणजे कर्जाऊ निधीच्या बाजाराच्या, प्रकरणातल्या एका गणितावर चार दिवस अडले आहे.

```
S = 60 + 10r
I = 140 - 10r
```

S म्हणजे लोकांची आणि कंपन्यांची बचत, I म्हणजे गुंतवणूक. दोन्ही हजार कोटींत. r हा वास्तव व्याजदर, टक्क्यांत. सरकारचा जमाखर्च जुळलेला असताना दर ४ येतो आणि बचत, गुंतवणूक दोन्ही १००. इथपर्यंत जमलं.

आता सरकारची तूट ४०. आमच्या क्लासच्या सरांनी मागणीची रेषा उजवीकडे सरकवली आणि बाजारातला निधी १२० काढला. गाइडमध्ये पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकवली आहे आणि उत्तर ८०. सरांना विचारलं तर म्हणाले, गाइडमध्ये छपाईची चूक आहे. पण गाइडची आकडेमोड मी तीनदा तपासली, ती जुळते. परीक्षेत काय लिहू?

हिशेबी_माणूस (सोमवार, रात्री १०.०५)

दोघांचंही अर्धवट आहे. सरकार कर्ज मागायला आलं म्हणजे मागणी वाढली, आणि त्याच वेळी देशाची एकूण बचत घटली म्हणजे पुरवठाही कमी झाला. दोन्ही रेषा सरकवायला हव्यात.

```
20 + 10r = 180 - 10r
```

दर आला ८. तूट आली की दुहेरी मार बसतो, हे साधं तर्कशास्त्र आहे.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११.२०)

मी हा विषय बरीच वर्षं शिकवला आहे आणि दरवर्षी वर्गात अर्धी मुलं इथेच अडखळायची. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुझे सरही बरोबर आणि गाइडही बरोबर. फरक फक्त सरकारला कुठे उभं केलं याचा आहे. सरांनी सरकारला कर्ज मागणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. त्या रांगेत कारखानदारही आहेत आणि सरकारही, म्हणून १२० म्हणजे दोघांनी मिळून उचललेलं कर्ज. गाइडने सरकारला बचत करणाऱ्यांच्या बाजूला ठेवलं. लोकांनी १२० वाचवले, सरकारने त्यातले ४० आधीच खाल्ले, उरले ८०. ती देशाची बचत, आणि तेवढीच गुंतवणूक. चित्र एकच आहे, आडव्या अक्षावर मोजलेली वस्तू वेगळी आहे. परीक्षेत अक्षाला नाव नीट दे. 'खासगी बचत' लिहिलंस तर १२०, 'राष्ट्रीय बचत' लिहिलंस तर ८०. नाव न देता नुसता आकडा लिहिलास तर मात्र गुण जातील.

हिशेबी_माणूस, तुमची चूक फार लोक करतात म्हणून ती पकडायची रीत सांगते. दर काढून झाला की एकदा पडताळा घ्यायचा: खासगी बचतीतून गुंतवणूक वजा केली की तूट उरली पाहिजे. तुमच्या ८ टक्क्यांना लोक वाचवतात १४०, गुंतवणूक होते ६०. फरक ८०. पण सरकारने तर ४०च मागितले आहेत! उरलेले ४० कुणी घेतले? कुणीच नाही. तुम्ही एकच तूट दोनदा मोजली. ६ टक्क्यांना बघा: १२० उणे ८०, बरोबर ४०.

आणि या गणितातली खरी गोष्ट आकड्यांच्या मधे आहे. सरकारने ४० उचलले तरी गुंतवणूक १०० वरून ८० वर आली, म्हणजे २०च घटली. उरलेले २० कुठून आले? दर चढल्यामुळे लोकांनी जास्त बचत केली, १०० वरून १२०. तूट अर्धी कारखानदाराच्या वाट्यातून गेली, अर्धी लोकांनी खर्च आवरला त्यातून भागली. हे निम्मं-निम्मं कुठल्याही नियमाने ठरलेलं नाही. या गणितात दोन्ही रेषांचा उतार सारखा आहे म्हणून तसं आलं.

पिंपळगावचा_बागायतदार (मंगळवार, सकाळी ७.१०)

मॅडम, मला रेषा कळत नाहीत पण हे आमच्या भिशीत दर महिन्याला दिसतं. आमची लिलावाची भिशी आहे. २० जण, प्रत्येकी ५ हजार, महिन्याला १ लाख जमतात. ज्याला नड असेल तो बोली लावतो की मी एवढे सोडतो, बाकीचे मला द्या. सोडलेली रक्कम सगळ्यांत वाटली जाते.

ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी चालू असते. औषधं, मजुरी, सगळ्यांना एकदमच पैसा लागतो. मागच्या ऑक्टोबरात बोली १६ हजारांवर गेली, माझ्या डोळ्यांसमोर. ज्याने उचलली त्याला ८४ हजारच मिळाले. आणि मार्चमध्ये माल तुटून व्यापाऱ्याचे पैसे हातात आले की बोली ३ हजारांच्या वर चढेना. पैसा तोच एक लाख. नड वाढली की दर वाढला. सरकार म्हणजे आमच्या भिशीत ऑक्टोबरात येऊन बसलेला एकविसावा गडी, असंच ना?

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ८.३०)

दादा, उदाहरण फार चांगलं दिलंत, वर्गात असं कुणी सांगितलं नव्हतं. एक लक्षात घ्या, आधी उचलणारा पैसा जास्त महिने वापरतो. त्यामुळे सोडलेली रक्कम म्हणजे निव्वळ व्याजदर नाही, हप्ते किती उरलेत यावरही ती ठरते. पण नड वाढली की दर चढतो, हे अगदी तसंच.

आणि तुमचा एकविसावा गडी वर्गणी देत नाही, फक्त उचलायला येतो. हे धरलं तर चित्र पूर्ण होतं.

मात्र भिशीत एक गोष्ट बाजारासारखी नाही. बोली १६ हजारांवर गेली म्हणून कुणी ५ च्या जागी ६ हजार भरतो का? नाही. तुमची बचत दर महिन्याला बांधलेली आहे. मुली, हेच तुझ्या गणितात घाल. बचत दराने हलतच नाही, कायम १००. तूट ४०. काय होतं?

टीवायची_विद्यार्थिनी (मंगळवार, दुपारी १.१५)

उरतात ६०. १४० वजा १० पट दर बरोबर ६०, म्हणजे दर ८. पुन्हा ८च आला! गुंतवणूक १०० वरून थेट ६०. पडताळा: १०० उणे ६०, ४०. जुळतं.

म्हणजे काल हिशेबी_माणूस यांचं ८ चुकीचं होतं आणि हे ८ बरोबर?

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी २.००)

हो. आकडा योगायोगाने तोच आला. काल पडताळ्यात ४० हरवत होते, आज हरवत नाहीत. इथे सरकारचा रुपयान् रुपया कारखानदाराच्या वाट्यातून गेला, कारण बचत करणारा जागचा हललाच नाही. म्हणून तुटीने गुंतवणूक किती घटते हा प्रश्न शेवटी इथे येऊन थांबतो, की व्याज वाढलं तर माणसं खरंच जास्त वाचवतात का.

निवृत्त_शिक्षिका (मंगळवार, दुपारी ३.४५)

माझा प्रश्न साधा आहे. सरकारची तूट वाढली की एफडीला जास्त व्याज मिळेल असं तुम्ही सगळे म्हणताय ना? मग मी माझी ठेव आता मोडून थांबू का? आधीच एका पतसंस्थेत पैसे अडकलेत. तिथे जास्त दर बघून ठेवले होते, आता दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात या' ऐकून परत येते.

आणि मॅडमच्या प्रश्नाचं म्हणाल तर मी उलटं केलंय. नातीच्या शिक्षणासाठी पाच वर्षांनी १० लाख हवे होते. दर चांगला होता तेव्हा कमी रक्कम ठेवून भागलं. दर पडले तेव्हा पेन्शनमधून जास्त बाजूला काढावे लागले.

ट्रेझरीत_होतो (मंगळवार, सायंकाळी ६.३०)

ताई, ठेव मोडू नका. इथे चाललेली चर्चा वास्तव दराची आहे, म्हणजे महागाई वजा जाता उरतो तो. एफडी ७ टक्क्यांची आणि महागाई ५ ची तर हातात खरे २च. उद्या तूट वाढली, एफडी ८ झाली आणि महागाईही ७ वर गेली, तर तुम्हाला पावतीवर वाढ दिसेल, पण किराणा एकच टक्का जास्त येईल. पावतीवरचा दर बघून निर्णय घेऊ नका.

पतसंस्थेबद्दल वाईट वाटलं. जिल्ह्याच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नुसत्या तोंडी चकरा मारू नका. त्या संस्थेचा जास्त दर हा बाजाराचा दर नव्हता. पैसे परत न येण्याची जोखीम त्यात मिसळलेली होती.

तुमचं नातीचं उदाहरण मात्र मोलाचं आहे. ठरावीक रक्कम गाठायची असेल तर दर वाढल्यावर माणूस कमी वाचवतो. दुसरा कुणी दर बघून खर्च पुढे ढकलतो आणि जास्त वाचवतो. सगळे मिळून बचतीची रेषा बरीच उभी असते, असं माझं नोकरीतलं मत. मॅडमचं गणित जरा जास्तच लवचिक आहे.

सातपूरचा_वर्कशॉपवाला (मंगळवार, रात्री ९.१५)

माझंही विचारतो. व्हीएमसी मशीन घ्यायचं आहे, ३० लाखांचं कोटेशन हातात आहे. आता सिंहस्थाची एवढी कामं निघाली आहेत, रस्ते, घाट, पूल. सरकार कर्ज काढणार, म्हणजे नाशिकमध्ये पैसा टंचाईला येणार आणि आमचा दर वाढणार. कर्ज आत्ताच उचलावं का?

हिशेबी_माणूस (मंगळवार, रात्री ९.४०)

बरोबर पकडलंत, आत्ताच उचला. आणि उलटही खरं आहे. नाशिककरांनी काटकसर केली तर इथल्या बँकांकडे ठेवी वाढतील आणि इथला दर उतरेल.

ट्रेझरीत_होतो (मंगळवार, रात्री १०.५०)

दोन्ही नाही. राज्य सरकार कर्ज नाशिकमध्ये काढत नाही. राज्याच्या रोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते आणि ते रोखे देशभरातल्या बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी घेतात. पैसा देशाच्या तळ्यातून येतो, खर्च गोदाकाठी होतो. तसंच नाशिककराने कॉलेज रोडच्या शाखेत ठेवलेली ठेव नाशिकमध्येच कर्जाऊ जाईल असं नाही. ती मुंबईतल्या कंपनीलाही जाते, सरकारी रोख्यातही जाते. एका शहराची काटकसर देशाच्या दरापुढे थेंबाएवढी.

हाच मुद्दा एक पायरी वर न्या. परदेशी पैसा मोकळेपणाने येत असेल तर देशाच्या तुटीनेही दर फारसा चढत नाही, बाहेरची बचत आत येते. मग गुंतवणुकीऐवजी निर्यातीला झळ बसते, कारण त्या पैशाबरोबर रुपया वर जातो. आपला देश अर्धा उघडा आहे, त्यामुळे परिणाम दोन्हीकडे थोडा थोडा विभागतो.

सातपूरकर, तुमच्या मशीनचं गणित सिंहस्थावर बांधू नका. त्या मशीनवर किती तास काम मिळेल ते आधी बघा. आणि कर्ज बदलत्या दराचं असेल तर आज उचललं तरी दर पुढे तुमच्यासोबत फिरणारच आहे.

सातपूरचा_वर्कशॉपवाला (मंगळवार, रात्री ११.०५)

बदलत्याच दराचं आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद काका.

जेलरोडकर (बुधवार, सकाळी ९.२०)

मला एक कळत नाही. नोटा आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून छापल्या जातात. माझे वडील तिथे होते. सरकारला ४० कमी पडतात तर ४०च्या नोटा छापून घ्याव्यात. कुणाकडे मागायला नको, दर चढायला नको.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी १०.१०)

हा प्रश्न नाशिककरालाच पडणार, आणि तो चांगला आहे. एके काळी यासारखंच होतं. सरकारला कमी पडलं की रिझर्व्ह बँक तात्पुरती ट्रेझरी बिलं घेऊन पैसे द्यायची. ती पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय जबाबदारीच्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेने सरकारकडून थेट रोखे घेणंही २००६ पासून थांबलं.

पण कायदा बाजूला ठेवा. सरकारला हवं आहे सिमेंट, स्टील, मजूर. नोट छापल्याने सिमेंटची एक गोणीही वाढत नाही. सगळे कारखाने, सगळी माणसं आधीच कामात असतील तर ते सिमेंट कुणाच्या तरी हातून निघायलाच हवं. दर चढल्याने जे कारखानदाराच्या हातून सुटलं असतं, ते आता भाव चढल्याने तुमच्या-माझ्या हातून सुटेल. म्हणून हा बाजार वास्तव दरात मांडतात. खाली दगड-विटा आहेत, वर रुपये.

मेनरोडचा_दुकानदार (बुधवार, दुपारी १२.३०)

मॅडम, 'सगळी माणसं आधीच कामात असतील तर' हे तुम्ही हळूच म्हणून गेलात, आणि माझं भांडण तिथेच आहे. माझं कापडाचं दुकान आहे. लोकांनी काटकसर केली की दर उतरतो आणि गुंतवणूक वाढते, असं पुस्तकात असेल. लॉकडाउननंतर लोकांनी हात आखडता घेतला तेव्हा मी येवल्याच्या विणकराची ऑर्डर निम्म्यावर आणली. त्याने मागावरची दोन माणसं कमी केली. त्या माणसांनी काय वाचवलं असेल? व्याज दोन टक्क्यांनी उतरलं असतं तरी मी नवीन दुकान काढलं नसतं, जुन्यातलाच माल हलत नव्हता.

टीवायची_विद्यार्थिनी (बुधवार, दुपारी २.४०)

काका, माझ्या गणिताचा दुसरा भाग नेमका काटकसरीचाच आहे. तूट नाही, पण लोक प्रत्येक दराला २० जास्त वाचवतात.

```
80 + 10r = 140 - 10r
```

दर ३, गुंतवणूक ११०. मला हेच विचित्र वाटत होतं, काटकसर २०ची आणि गुंतवणूक वाढली १०च. पण मग समजलं. दर ४ वरून ३ वर आल्यामुळे आधीचेच बचत करणारे १० कमी वाचवतात. तुम्ही म्हणता तसं उत्पन्नच घटलं तर हे ८० सुद्धा टिकणार नाहीत, बरोबर?

गोदाकाठ (बुधवार, दुपारी ४.१५)

बरोबर. आणि दुकानदार साहेब, तुमची हरकत १९३६ मध्ये केन्स या अर्थतज्ज्ञानेही घेतली होती. या चित्रात देशाचं उत्पन्न ठरलेलं धरतात. ज्याने कापड घेतलं नाही त्याचा पैसा बँकेतून मशीन घेणाऱ्याकडे जातो आणि तुमचा विणकर नाही तरी मशीन बनवणारा कामाला लागतो, असं त्यात गृहीत आहे. दर उतरूनही मशीन घ्यायला कुणी पुढे आलं नाही तर बचत गुंतवणुकीत उतरत नाही. मंदीच्या वर्षभरात तुमचं खरं, पाच-दहा वर्षांच्या हिशेबात पुस्तकाचं खरं, असं मी मानते.

मेनरोडचा_दुकानदार (बुधवार, सायंकाळी ५.००)

त्या दोन माणसांना दहा वर्षं थांबता आलं नसतं. एक जण आता गुजरातमध्ये आहे.

ट्रेझरीत_होतो (बुधवार, रात्री ८.४५)

लॉकडाउनचा विषय निघालाच आहे तर मॅडमना माझी जुनी शंका विचारतो. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांवर गेली. गणिताप्रमाणे वास्तव दर भडकायला हवा होता. झालं काय? रेपो ४ टक्के, सरकारचा दहा वर्षांचा रोखा ६ टक्क्यांच्या आसपास आणि महागाई त्या वर्षात सरासरी ६.२. म्हणजे वास्तव दर शून्याच्या जवळपास. एवढी तूट, आणि सरकारला पैसा जवळपास फुकट. मी तेव्हा रोज स्क्रीनसमोर होतो. दर रिझर्व्ह बँक ठरवत होती, तुमच्या दोन रेषा नव्हे.

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०.००)

त्या वर्षात फक्त एकच रेषा हलली असं नाही. घरांची निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली, कारण दुकानं, लग्नं, प्रवास सगळं बंद होतं. पुढे २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या जवळ उतरली, त्यावरून ती उडी केवढी होती ते कळतं. दुसरीकडे कारखानदाराची कर्जाची मागणी आटली. बचत उजवीकडे, मागणी डावीकडे, दोन्ही धक्के दर खाली ढकलणारे. तूट एकटी वर ढकलत होती. त्यात रिझर्व्ह बँकेने बाजारातून तीन लाख कोटींहून जास्त रोखे विकत घेतले, हेही मान्य.

रेपो रिझर्व्ह बँक ठरवते, यात वाद नाही. पण तो एका रात्रीचा, पैशातला दर. बचत आणि गुंतवणूक जिथे जुळतात त्याच्या खाली तो फार काळ धरला तर भाव चढू लागतात. मे २०२२ पासून ४ चा दर वर न्यावा लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ झाला.

ट्रेझरीत_होतो (बुधवार, रात्री १०.३५)

२०२२ ची महागाई युक्रेनच्या युद्धाने आणि तेलानेही आली होती. पण माझा आक्षेप वेगळा आहे. तूट वाढून दर चढला तर रेषा बरोबर, नाही चढला तर 'दुसरी रेषाही हलली'. मग हे चित्र चुकलं असं तुम्ही कधी म्हणाल?

गोदाकाठ (बुधवार, रात्री ११.१०)

लोकांची बचतीची सवय, कारखानदारांचा उत्साह, परदेशी पैसा आणि महागाईचा अंदाज हे चारही जागच्या जागी असताना तूट वाढली आणि तरीही लांब मुदतीचा वास्तव दर हलला नाही, तर चुकलं म्हणेन. असं वर्ष क्वचित येतं, हे मला कळतं. अंदाजपत्रकाच्या दिवशी तूट अपेक्षेपेक्षा जास्त जाहीर झाली की काही तासांत रोख्याचा दर चढतो, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे.

ट्रेझरीत_होतो (बुधवार, रात्री ११.२५)

ते पाहिलं आहे, आणि पुढच्या पंधरवड्यात तो दर परत उतरलेलाही पाहिला आहे. यावर आपलं एकमत होणार नाही.

टीवायची_विद्यार्थिनी (गुरुवार, रात्री ८.२०)

सरांना दोन्ही आकृत्या शेजारी काढून दाखवल्या, अक्षांना नावं देऊन. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, उद्या फळ्यावर तूच काढ.

तूट ४० आणि काटकसर २० एकत्र घेतली तर दर ५, लोकांची बचत १३०, गुंतवणूक ९०, फरक ४०. जुळलं. शेवटचा भाग असा आहे की लोकांना वाटतं आजची तूट उद्या करातून आमच्याकडूनच वसूल होणार, म्हणून ते पूर्ण ४० जास्त वाचवतात. मग दर ४ वरच राहतो आणि गुंतवणूक १००, जणू तूट झालीच नाही. आकडे आले, पण पटत नाही. सरकारची तूट बघून घरात कुणी जास्त वाचवतं का?

निवृत्त_शिक्षिका (गुरुवार, रात्री ९.००)

छत्तीस वर्षं नोकरी केली, दर महिन्याला पोस्टात पैसे भरले. कधी आई आजारी म्हणून कमी, कधी बोनस आला म्हणून जास्त. सरकारची तूट किती हे बघून एकदाही भरले नाहीत. आमच्या स्टाफरूममध्येही कुणी भरल्याचं आठवत नाही.

उपनिबंधक कार्यालयात अर्ज दिला आज. पोच मिळाली.